चालीची सक्ती, चालीची मुदत

बुद्धिबळाच्या डावात पाळी आली की चाल करावीच लागते. पटावर सगळे मनासारखे जमले असले, एकही सोंगटी जागची हलवू नये असे वाटत असले, तरी पाळी सोडून देण्याची सोय नियमांत नाही. ज्या स्थितीत ही सक्तीच खेळाडूच्या मुळावर येते, तिला झुगझ्वांग म्हणतात. याच्या उलट टोकाला एक असा हक्क आहे, जो प्रतिस्पर्ध्याच्या एका विशिष्ट चालीमुळे मिळतो आणि पुढच्याच चालीत वापरला नाही तर कायमचा जातो. त्याचे नाव एन पासाँ. पहिला शब्द जर्मन आहे, दुसरा फ्रेंच. दोन्ही शब्द जगभरच्या खेळाडूंनी जसेच्या तसे स्वीकारले. मराठी खेळाडूही तेच वापरतात.

झुगझ्वांग हा जोडशब्द आहे. जर्मनमध्ये त्याचा उच्चार साधारण ‘त्सूकत्स्वांग’ असा होतो. ‘त्सूक’ म्हणजे ओढणे या क्रियापदापासून आलेले नाम. त्याचे अर्थ अनेक आहेत, आगगाडीलाही जर्मनमध्ये हाच शब्द आहे, पण पटावर त्याचा अर्थ फक्त चाल. ‘त्स्वांग’ म्हणजे सक्ती. जर्मन बुद्धिबळ नियतकालिकांत हा शब्द एकोणिसाव्या शतकातच रुळला होता. इंग्रजीत तो आणला विश्वविजेता इमॅन्युएल लास्कर याने. १९०५ मध्ये त्याच्या मासिकात हा शब्द छापून आला आणि तिथून तो पसरला. कल्पना मात्र शब्दाहून कितीतरी जुनी आहे. अरबी शतरंजच्या जुन्या कूटांत आणि सतराव्या शतकाच्या आरंभीच्या इटालियन ग्रंथांत अशा स्थिती सापडतात. तेव्हा त्यांना नाव नव्हते इतकेच.

नाव मिळाले आणि ते सैलही झाले. एखाद्याची सगळीकडून कोंडी झाली, कोणतीही चाल केली तरी हार दिसते, की लगेच तिला झुगझ्वांग म्हटले जाते. हे बरोबर नाही. प्रतिस्पर्ध्याची धमकी उभी असेल आणि ती परतवता येत नसेल, तर पाळी सोडायची मुभा मिळूनही हार टळणार नाही. ती साधी हरलेली स्थिती. खऱ्या झुगझ्वांगची कसोटी एकच आहे: या खेळाडूला एक चाल न करता बसू दिले असते तर त्याचे भागले असते का? भागले असते, पण चाल करावी लागल्यामुळेच बिघडते, असे असेल तरच ते झुगझ्वांग.

हे स्पष्ट दिसते ते राजा आणि प्याद्यांच्या अंतिम टप्प्यात, कारण तिथे सोंगट्या मोजक्या असतात आणि फुकट घालवायला चाली नसतात. पटाच्या उभ्या पट्ट्यांना डावीकडून a ते h ही अक्षरे आहेत आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने 1 ते 8 हे आकडे. पांढऱ्याचा राजा d6 वर, एकुलते एक प्यादे e6 वर आणि काळ्याचा राजा d8 वर अशी स्थिती मांडून पाहावी. बाकी पट मोकळा.

पाळी काळ्याची असेल तर तो हरतो. त्याचा राजा e8 वर गेला तर पांढरा प्यादे e7 वर ढकलतो. आता d8 आणि f8 ही दोन्ही घरे त्या प्याद्याच्या माऱ्यात आहेत आणि d7 पांढऱ्या राजाच्या. काळ्या राजाला f7 एवढीच वाट उरते. तो तिकडे सरकताच पांढरा राजा d7 वर येतो, e8 हे घर ताब्यात घेतो आणि पुढच्या चालीला प्याद्याचा वजीर होतो. काळा राजा सुरुवातीलाच c8 वर गेला तर काम आणखी सोपे होते, प्यादे दोन चालींत e8 गाठते.

तीच स्थिती, पण पाळी पांढऱ्याची. आता प्यादे e7 वर ढकलले तर d8 वरच्या राजाला शह बसतो आणि तो e8 वर, प्याद्याच्या अगदी समोर, येऊन बसतो. पांढऱ्याला प्यादे राखायचे तर राजाला e6 वर जाण्याखेरीज इलाज नाही. पण तो तिथे गेला की काळ्याला एकही नियमबद्ध चाल उरत नाही आणि त्याच्यावर शहही नसतो. हे स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत. पांढऱ्याने प्यादे न ढकलता राजा मागे घेतला, तरी काळा राजा प्याद्यासमोर नेमक्या घरी उभा राहून बरोबरी राखतो.

या दोन्ही प्रसंगांत पटावरची एकही सोंगटी वेगळ्या घरी नाही. फरक फक्त पाळीचा आहे, आणि तेवढ्याने निकाल जिंकणे आणि बरोबरी यांच्यात बदलतो. दुसऱ्या प्रसंगात बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. प्यादे e7 वर आणि काळा राजा e8 वर असताना पांढऱ्याला एक चाल न करता थांबता आले असते, तर काळ्याला f7 वर जावेच लागले असते आणि पांढरा जिंकला असता. म्हणजे इथे झुगझ्वांगमध्ये सापडला आहे तो बलाढ्य पक्षच. एक प्यादे जास्त असूनही विजय हातचा जातो तो केवळ चाल करावी लागल्यामुळे.

याहून टोकाची एक स्थिती आहे, जिच्यात ज्याची पाळी तो हरतो, मग तो कोणीही असो. पांढऱ्याचा राजा f5 वर आणि प्यादे e4 वर. काळ्याचा राजा d4 वर आणि प्यादे e5 वर. दोन्ही प्यादी एकमेकांसमोर अडलेली आहेत, त्यामुळे ती हलू शकत नाहीत. प्रत्येक राजा आपले प्यादे राखतो आहे आणि त्याच वेळी समोरच्याच्या प्याद्यावर डोळा ठेवून आहे. पांढऱ्याची पाळी असेल तर राजाला f5 सोडावेच लागते. f4 वर जाऊन e4 राखावे म्हटले तर ते घर काळ्या प्याद्याच्या माऱ्यात आहे. तो दुसऱ्या कुठल्याही घरी गेला की e4 उघडे पडते, काळा राजा ते मारतो आणि आपले प्यादे शेवटच्या रांगेपर्यंत नेतो. काळ्याची पाळी असेल तर हेच उलट घडते. फ्रेंचमध्ये या स्थितीला ‘ट्रेबुशे’ म्हणतात. मध्ययुगात किल्ल्यांवर दगड फेकणाऱ्या यंत्राचे हे नाव. अशा स्थितीजवळ दोन राजे येत असतील तर मुरलेला खेळाडू समोरच्या प्याद्यावर झडप घालत नाही. e4 किंवा e5 च्या शेजारी आधी कोण पोहोचतो यापेक्षा तिथे पोहोचल्यावर पाळी कोणाची राहील हे तो मोजतो.

पाळी प्रतिस्पर्ध्याकडे ढकलायची, म्हणजे एक चाल जाणूनबुजून वाया घालवायची. ते दोन मार्गांनी करता येते. पहिला मार्ग राखीव प्याद्याचा. वरच्याच ट्रेबुशेमध्ये भर घालू: पांढऱ्याचे एक प्यादे a2 वर आणि काळ्याचे a5 वर. पाळी पांढऱ्याची. राजा हलवला तर तो हरतो, पण आता त्याच्याकडे a पट्टीवर दुसरी चाल आहे. प्याद्याला पहिल्या चालीत एक घर किंवा दोन घरे पुढे जाता येते. पांढऱ्याने ते एकच घर पुढे, a3 वर, नेले तर काळा a4 खेळतो. दोन्ही प्यादी अडतात, पाळी पुन्हा पांढऱ्याकडे येते आणि e4 जाते. त्याऐवजी त्याने प्यादे एकदम a4 वर नेले तर दोन्ही प्यादी लगेच समोरासमोर अडतात आणि चाल करायची सक्ती काळ्यावर येते. त्याला राजा हलवून e5 सोडावे लागते. एका घराच्या फरकाने हरणारा जिंकतो. मूळ जागी बसलेल्या, न हललेल्या प्याद्याची अंतिम टप्प्यात एवढी किंमत असते ती यासाठीच. त्याच्या पोटात एक किंवा दोन अशी निवड शिल्लक असते. काही खेळाडू सुरुवातीला उगाच एखादे बाजूचे प्यादे एक घर ढकलून ठेवतात आणि चाळीस चालींनंतर तीच निवड त्यांना हवी असते.

दुसरा मार्ग राजाचा आहे आणि तो दिसायला अधिक सुंदर. पांढऱ्याचा राजा d5 वर, प्यादी c6 आणि a5 वर. काळ्याचा राजा c8 वर, प्यादे a6 वर. a पट्टीवरची प्यादी अडलेली आहेत. पाळी पांढऱ्याची. तो थेट d6 वर घुसला तर काळा d8 वर येतो. मग प्यादे c7 वर ढकलताच राजा c8 वर परततो आणि पांढऱ्याने c6 वर जाऊन प्यादे राखले की स्टेलमेट होते, कारण काळ्याचे a6 वरचे प्यादेही अडकलेले आहे. पण हीच स्थिती काळ्याच्या पाळीवर आली असती तर? तो d8 वर गेला तर पांढरा d6 वर येतो, काळा c8 वर परततो आणि आता c7 ढकलल्यावर काळ्याला b7 हे एकच घर उरते. पांढरा d7 वर येतो आणि प्यादे वजीर होते. काळा c7 वर आला तर पांढरा c5 वर येतो आणि काळ्याला पुन्हा मागे हटावे लागते. मग पांढरा राजा b6 वर घुसून a6 मारतो.

म्हणून पांढऱ्याला हवी आहे तीच स्थिती, फक्त पाळी काळ्याची. त्यासाठी तो राजा d5 वरून d4 वर, तिथून c4 वर आणि तिथून पुन्हा d5 वर आणतो. तीन चालींत एक त्रिकोण. काळा राजा या वेळात c8 वरून d8 किंवा b8 वर जातो आणि परत c8 वर येतो. तो c7 वर यायला पाहत नाही, कारण तिथे पांढरा c5 वर येऊन त्याला कोंडतो. काळ्याचा हा फेरा दोन चालींचा, पांढऱ्याचा तीन चालींचा. त्रिकोण पूर्ण होतो तेव्हा सोंगट्या सगळ्या पूर्वीच्याच घरी असतात आणि पाळी काळ्याची असते.

मध्य खेळात, म्हणजे पट सोंगट्यांनी भरलेला असताना, खरे झुगझ्वांग फार क्वचित सापडते. कुठले तरी प्यादे एक घर ढकलायला, एखादा हत्ती इकडून तिकडे करायला जागा असतेच. म्हणूनच १९२३ मध्ये कोपनहेगनला फ्रीड्रिख झेमिश विरुद्ध आरोन निम्झोविच हा डाव एवढा गाजला. काळ्याकडून खेळणाऱ्या निम्झोविचने दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा दिला होता. पंचविसाव्या चालीला त्याने कडेचे एक प्यादे नुसते एक घर पुढे, h6 वर, सरकवले. कसला शह नाही, कशावर मारा नाही. त्या चालीनंतर झेमिशने डाव सोडला, कारण पांढऱ्याच्या गर्दीत उभ्या असलेल्या सोंगट्यांपैकी कोणतीही हलवली तरी काही ना काही हातचे जात होते. हा डाव अमर झुगझ्वांग डाव म्हणून ओळखला जातो. काटेकोर कसोटी लावली तर मात्र या नावाबद्दल शंका घ्यावी लागते. पांढऱ्याला थांबण्याची मुभा मिळाली असती, तरी पुढच्या चालीत त्याचा वजीर अडकवण्याची धमकी काळ्याकडे होतीच, असे विश्लेषक दाखवतात. तरीही एका निरुपद्रवी दिसणाऱ्या प्याद्याच्या चालीने संपूर्ण सैन्य जखडले गेल्याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही, आणि नाव टिकले ते त्यामुळे.

आता एन पासाँ. फ्रेंचमध्ये याचा अर्थ ‘जाता जाता’. उच्चारात शेवटचा ‘त’ नसतो आणि अनुस्वार नाकातला असतो. इथे जाता जाता मारले जाते ते प्रतिस्पर्ध्याचे प्यादे.

हा नियम का आला हे प्याद्याच्या इतिहासात आहे. शतरंजमध्ये प्यादे पहिल्या चालीपासून एकेकच घर पुढे जात असे, आणि आपल्याकडच्या बहुतेक देशी पद्धतींतही तेच होते. त्यामुळे सुरुवातीला सैन्ये एकमेकांना भिडायला बराच वेळ लागे. मध्ययुगीन युरोपात ही गती वाढवण्यासाठी प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे पुढे जाण्याची मुभा मिळू लागली. स्पेनचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या आज्ञेने १२८३ मध्ये पूर्ण झालेल्या खेळांच्या ग्रंथातही ही दुहेरी चाल आहे. पण तिने एक नवी अडचण निर्माण केली. समजा पांढऱ्याचे प्यादे e5 पर्यंत पोहोचले आहे. तिथून ते तिरके d6 आणि f6 या दोन घरांवर मारा करते. काळ्याचे d7 वरचे प्यादे एकेक घर चालत आले असते तर d6 वर त्याला या माऱ्याला तोंड द्यावे लागले असते. दुहेरी चालीने ते d6 ओलांडून थेट d5 वर, पांढऱ्या प्याद्याच्या शेजारी येऊन उभे राहते, आणि पांढऱ्याचा मारा वाया जातो. इतक्या लांबवर नेलेल्या प्याद्याला हा अन्याय वाटण्यासारखाच होता. उपाय असा निघाला की काळ्याचे प्यादे एकच घर चालले असे समजून पांढऱ्याने ते d6 वर मारावे.

हा उपाय सगळीकडे एकदम मान्य झाला नाही. इटलीत उलट रीत होती. तिथे दोन घरे जाणारे प्यादे शेजारच्या माऱ्यातून बिनधास्त निसटू शकत असे आणि तिला ‘पासार बत्ताल्या’ म्हणत. इटालियन खेळाडूंनी ही रीत १८८० मध्ये सोडली आणि मग एन पासाँ सर्वत्र एकच झाले.

आजचा नियम असा. मारणारे प्यादे आपल्या पाचव्या रांगेत असावे लागते, म्हणजे पांढऱ्याचे पाचव्या आणि काळ्याचे चौथ्या आकड्याच्या रांगेत. प्रतिस्पर्ध्याने शेजारच्या पट्टीतले प्यादे मूळ जागेवरून दोन घरे चालवून बरोबर त्याच्या शेजारी आणलेले असावे. मग मारणारे प्यादे तिरके एक घर पुढे जाते आणि शेजारचे प्यादे पटावरून उचलले जाते. ज्या घरात ते जाते ते घर रिकामेच असते. बुद्धिबळात मारणारी सोंगटी आणि मारली जाणारी सोंगटी वेगवेगळ्या घरांत असण्याचा हा एकमेव प्रसंग आहे. नवशिक्यांच्या हातून यातच चूक होते: ते आपले प्यादे बरोबर तिरके सरकवतात, पण मारलेले उचलायला विसरतात, किंवा सवयीने शेजारच्या घरावर आपले प्यादे ठेवतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन वेगळ्या चालींत दोन घरे आलेल्या प्याद्याला हा नियम लावणे. तिसरी म्हणजे घोडा किंवा उंटाने असे मारायला जाणे. हा हक्क फक्त प्याद्याचा.

आणि तो फक्त पुढच्याच चालीपुरता. एका चालीने थांबून मारू म्हटले तर ती मुदत उलटलेली असते, मग दोन्ही प्यादी शेजारी शेजारी वीस चाली उभी राहिली तरी काही होत नाही. नोंदीत e5 वरून d6 वर मारल्यास exd6 असेच लिहितात. डावात तीच स्थिती तीनदा आली म्हणून बरोबरी मागतानाही या मुदतीचा हिशोब होतो. सोंगट्या त्याच घरी असल्या तरी पहिल्या वेळी एन पासाँचा हक्क उपलब्ध असेल आणि नंतर नसेल, तर त्या दोन स्थिती एकच मानल्या जात नाहीत.

१९२८ मध्ये मेलबर्नला गंडरसन विरुद्ध फॉल या डावात हा हक्क दोनदा समोर आला. पांढऱ्याने सुरुवातीलाच h7 वर उंट बळी देऊन काळ्या राजाला बाहेर ओढले होते. बाराव्या चालीला काळ्याने f7 वरचे प्यादे दोन घरे चालवून f5 वर आणले आणि g4 वरच्या वजिरावर मारा केला. पांढऱ्याचे प्यादे e5 वर होते, त्यामुळे त्याला f6 वर एन पासाँ मारता आले असते. त्याने ते केले नाही. त्याने h पट्टीवरचे प्यादे h5 वर ढकलून g6 वरच्या राजाला शह दिला आणि e5 चा हक्क तिथेच संपला. राजा h6 वर गेला. मग पांढऱ्याने g5 वरचा घोडा उचलून e6 वरचे प्यादे मारले. घोडा हलताच c1 वरच्या उंटाची तिरकी वाट उघडली आणि h6 वर शह बसला. काळ्याने g7 वरचे प्यादे दोन घरे चालवून g5 वर आणले आणि उंटाची वाट अडवली.

पण आता तेच प्यादे पांढऱ्याच्या h5 वरच्या प्याद्याच्या शेजारी आले होते. पंधराव्या चालीला पांढऱ्याने ते एन पासाँ मारले. पांढरे प्यादे g6 वर गेले, काळे प्यादे g5 वरून उचलले गेले. त्या एका चालीत दोन वाटा मोकळ्या झाल्या. g5 रिकामे झाल्याने उंटाचा शह पुन्हा चालू झाला, आणि h5 रिकामे झाल्याने h1 वरच्या हत्तीचाही शह बसला. दोन सोंगट्यांचा एकाच वेळी शह असल्यावर मधे काही घालून किंवा एका सोंगटीला मारून भागत नाही, राजाच हलवावा लागतो. g6 वरचे प्यादे वजिराच्या आधाराने होते, त्याच्या माऱ्यात h7, घोड्याच्या माऱ्यात g7, हत्तीच्या माऱ्यात h5. राजाला घर उरले नाही आणि मात झाली. या चालीला कुठलाही दुसरा मारा पर्याय ठरला नसता, कारण मारले जाणारे प्यादे आणि मारणारे प्यादे दोन्ही आपापल्या पट्ट्या एकाच झटक्यात सोडतात ते फक्त एन पासाँमध्येच.

हीच गोष्ट उलटीही फिरते. पांढऱ्याचा राजा a5 वर आणि प्यादे b5 वर आहे, काळ्याचा हत्ती h5 वर आहे आणि काळ्याने c7 वरचे प्यादे आत्ताच c5 वर आणले आहे, असे धरले तर b5 चे प्यादे c6 वर मारू शकते का? सवयीने हो म्हणावेसे वाटते, कारण b5 हलवल्यानंतरही c5 वर एक सोंगटी राहणार असा भास होतो. प्रत्यक्षात पाचव्या रांगेतून b5 आणि c5 ही दोन्ही प्यादी एकदम नाहीशी होतात, हत्तीची वाट थेट राजापर्यंत मोकळी होते आणि पांढरा स्वतःच स्वतःला शह लावून घेतो. म्हणून ही चाल नियमबाह्य आहे. पाचवी रांग लांबवर रिकामी आहे का हे पाहिल्याशिवाय असा मारा करू नये, असे शिकवणारे सांगतात ते या स्थितीमुळे.

एन पासाँ हा ऐच्छिक हक्क आहे, पण तोही नेहमी नाही. इथे तो चालीच्या सक्तीला येऊन भिडतो. काळ्याचा राजा h8 वर आणि प्यादे a4 वर. पांढऱ्याचा राजा g6 वर, प्यादी h7, a3 आणि b2 वर. काळ्या राजाभोवतीची g8, g7 आणि h7 ही घरे बंद आहेत आणि a4 चे प्यादे a3 मुळे अडलेले आहे. पाळी पांढऱ्याची असताना त्याने b2 वरचे प्यादे b4 वर नेले, तर काळ्याचा राजा हलू शकत नाही आणि त्याचे प्यादे पुढे सरकू शकत नाही. स्टेलमेट झाले असे म्हणून काळा बरोबरी मागेल, पण ती मिळणार नाही. त्याच्याकडे एक नियमबद्ध चाल आहे, a4 वरून b3 वर मारण्याची, आणि ती एकमेव असल्यामुळे ती करणे त्याला भागच आहे. या स्थितीत ती सक्ती त्याच्याच पथ्यावर पडते. b3 वर आलेले प्यादे आता दोन चालींत b1 गाठते आणि पांढऱ्याच्या राजाला ते थांबवायला तिथपर्यंत पोहोचता येत नाही.

याचा उपयोग राखीव चालींच्या हिशोबातही होतो. ट्रेबुशेच्या वेळी a2 वरच्या प्याद्याने दोन घरे जाऊन पाळी बदलली होती. त्या वेळी शेजारी b4 वर काळ्याचे प्यादे असते, तर तीच चाल जाता जाता मारली गेली असती: a4 वर प्यादे येताच काळ्याने a3 वर ते मारले असते आणि पांढऱ्याला राखीव चाल म्हणून वाटलेली गोष्ट उरलीच नसती. म्हणूनच राजा-प्याद्यांच्या अंतिम टप्प्यात दोन घरांच्या चालीचा बेत करण्याआधी शेजारच्या दोन्ही पट्ट्यांवर प्रतिस्पर्ध्याचे प्यादे त्या रांगेत आहे का, हे पाहावे लागते.